मंगळवारची ऑर्बिट ओपीडी

सकाळी ८.१०

मंगळवारी आमच्या नेत्ररुग्णालयात ऑर्बिटची ओपीडी असते. डोळ्याच्या खोबणीचे आजार, त्यातही बहुतेक थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेले पेशंट. मी ऑप्टोमेट्रिस्ट. मॅडम पेशंटला तपासतात, निर्णय घेतात. त्याआधीची सगळी मोजमापं माझ्याकडे. म्हणून मी दवाखाना उघडायच्या वेळेलाच येते आणि आधी आजच्या फाइली काढून बसते.

फाइल उघडली की पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, लाल पेनाने लिहिलेला एक आकडा असतो. ९६, ९८, १०२. ही त्या माणसाच्या हर्टेलची पट्टी. हर्टेल म्हणजे डोळा किती पुढे आला आहे ते मोजायचं उपकरण. १९०५ साली एर्न्स्ट हर्टेल या जर्मन नेत्रतज्ज्ञाने बनवलं आणि आजही जवळपास त्याच रूपात वापरात आहे. एका आडव्या पट्टीवर दोन सरकते पाय. ते पाय डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या कडेवर टेकवायचे. पायांमधल्या आरशात पेशंटचा डोळा बाजूने दिसतो, आणि बुबुळाचा सगळ्यात पुढचा बिंदू कितव्या मिलिमीटरवर आहे ते वाचायचं. दोन हाडांमधलं अंतर आडव्या पट्टीवर दिसतं, तेच लाल पेनाने लिहून ठेवायचं. पुढच्या खेपेला पट्टी त्याच आकड्यावर लावूनच मोजायचं. पट्टी बदलली की डोळ्याचा आकडाही बदलतो, मग वाढ खरी की पट्टीमुळे झालेली, हे कुणालाच सांगता येत नाही.

एवढ्या फाइलींमध्ये बाहेरून आलेले कागदही असतात. त्यातल्या एकावर नुसतं ‘२३’ लिहिलंय, पट्टी नाही. तो कागद मी फाइलीत ठेवते, पण आलेखावर चढवत नाही.

खोलीतली तयारी फार नाही. खिडकीचा पडदा ओढून दिवे नेहमीचे लावायचे, कारण फोटोत पापणीची लाली प्रकाशाप्रमाणे कमीजास्त दिसते. कॅमेऱ्याचा स्टँड जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीवर, पेशंटची खुर्ची दुसऱ्या पट्टीवर. इशिहाराचं रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक टेबलावर, त्याच्या बाजूला लाल झाकणाची बाटली.

सकाळी ९.००

नऊची वेळ बारामतीकडच्या एका शिक्षिकेची. वय ४४. त्यांना मी नेहमी नऊचीच वेळ देते. या आजारात पापण्यांची सूज उठल्या उठल्या जास्त असते आणि दिवस चढेल तशी उतरते. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी पाहिलं, तर सूज उतरली असं वाटेल, आणि उतरलेला असेल फक्त दिवस.

पहिल्यांदा जूनमध्ये आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, “ताई, वर्गात गेले की पोरं गप्प बसतात. त्यांना वाटतं बाई चिडल्यात.” वरच्या पापण्या वर ओढल्या गेलेल्या, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसत होतं. एरवी वरची पापणी बुबुळाची वरची कड एक-दोन मिलिमीटर झाकते. ती कड उघडी पडली की चेहरा रागावलेला किंवा दचकलेला दिसतो. थायरॉइडच्या डोळ्याच्या आजाराचं हे सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण, दहापैकी सुमारे नऊ जणांत कधी ना कधी दिसतं. यामागे एकाहून जास्त कारणं असतात. रक्तात थायरॉइडचं हार्मोन जास्त असलं की पापणी उचलणारा एक छोटा स्नायू सतत ताणलेला राहतो. पापणी उचलणारा मुख्य स्नायू सुजून पुढे आखडतो. आणि डोळाच पुढे आलेला असला तर पापणी आपोआप मागे सरकते. पहिलं कारण थायरॉइड काबूत आल्यावर बरंचसं ओसरतं, बाकीची दोन नुसत्या गोळ्यांनी जात नाहीत.

त्यांचा आजार ग्रेव्ह्ज. शरीराच्या स्वतःच्याच अँटिबॉडीज थायरॉइडला चेतवतात, आणि डोळ्यामागच्या चरबीत व स्नायूंत असलेल्या पेशींनाही. त्या पेशी पाणी धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ तयार करू लागतात. स्नायू जाड होतात, चरबी वाढते. खोबण तर चहूबाजूंनी हाडाची, आतली जागा जेमतेम ३० मिलिलिटर, त्यात डोळाच सुमारे ७ मिलिलिटरचा. काठोकाठ भरलेल्या डब्यात आणखी काही कोंबलं की झाकण वर येतं, तसा डोळा पुढे येतो. हाड नसलेली बाजू तेवढी एकच.

आज त्या बसल्या तशा मी आधी विचारून घेतलं. डोळ्यामागे दुखतं का, काही न करता? वर-खाली बघताना दुखतं? सकाळी उठल्यावर दोन-दोन दिसतं का, की थकल्यावर, की कडेला बघताना, की सारखंच? हा शेवटचा प्रश्न मी दर वेळी याच क्रमाने विचारते, कारण पेशंट ‘कधीकधी’ म्हणतो त्यात काहीही मावतं. जूनमध्ये त्यांना दोन-दोन दिसत नव्हतं. ऑगस्टमध्ये फळ्यावरून वर घड्याळाकडे पाहिलं की दोन घड्याळं दिसायची. आज म्हणाल्या, “कधी थकले तर. नाहीतर नाही.”

मग नजर, चष्म्यासह, एकेक डोळा. ६/६, ६/६. रंगांच्या पाट्या सगळ्या बरोबर. बाहुल्या अंधारात, टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत तपासल्या, दोन्ही सारख्या आकुंचतात. या तीन गोष्टी आधी होतात, कारण थायरॉइडच्या डोळ्यात नजर जाऊ शकते ती मागे नस दाबली गेल्यामुळे, आणि त्याची चाहूल इथे लागते. त्यांच्याबाबतीत ही बाजू पहिल्यापासून शांत आहे.

पापण्या. समोर टॉर्च धरायचा, बुबुळावर दिव्याचा ठिपका दिसतो, त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं. निरोगी डोळ्यात ते चार-पाच मिलिमीटर भरतं. पण पट्टी डोळ्याजवळ आली की माणूस दचकतो, पापण्या आणखी वर जातात, भुवया चढतात. म्हणून मी आधी इकडच्या तिकडच्या गोष्टी काढते, शाळेचं गॅदरिंग कधी वगैरे, आणि श्वास सुटला की मोजते. जूनमध्ये उजवीकडे ७, डावीकडे ६. आज साडेसहा आणि ६. मग बोट वरून खाली नेत त्यांना त्याकडे बघायला सांगितलं. डोळा खाली जातो आणि पापणी मागे रेंगाळते. एकोणिसाव्या शतकात फोन ग्रेफ या बर्लिनच्या डॉक्टरांनी हे टिपलं, अजून त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. शेवटी हलकेच डोळे मिटायला सांगितले. उजवीकडे एक मिलिमीटर फट उरते. रात्री तेवढ्या फटीतून बुबुळ कोरडं पडतं, म्हणून झोपताना जेल आणि पापणीवर कागदी टेप.

हर्टेल, पट्टी ९६. उजवा २०, डावा १९. एकदा मोजून मी उपकरण काढते, पुन्हा टेकवते, पुन्हा वाचते. दोन्ही वेळा तेच.

डोळ्याची हालचाल पेरिमीटरवर, दिवा हळूहळू वर नेत, उजवा डोळा कुठे थांबतो ते पाहत. जूनमध्ये ३५ अंश, ऑगस्टमध्ये २५, आज ३०. डोळ्याच्या खालचा स्नायू सुजून ताठ झाला की डोळा वर जायला अडतो. या आजारात बहुतेक वेळा हाच स्नायू आधी धरतो.

मग फोटो. समोर, वर, खाली, दोन्ही बाजूंना, मिटलेले, आणि चेहऱ्याची दोन्ही अंगं. यातला खरा उपयोगाचा फोटो मात्र मी काढलेला नाही. त्यांनी जूनमध्ये आणून दिलेला, दहा वर्षांपूर्वीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातला आहे. डोळे मुळात कसे होते, हे कुठल्याच उपकरणाला सांगता येत नाही. प्रत्येक नव्या पेशंटकडून मी एक जुना फोटो मागून घेते.

सकाळी ९.५०

मॅडम आल्या. त्यांनी जूनचे, ऑगस्टचे, ऑक्टोबरचे आणि आजचे फोटो शेजारी ठेवले आणि गुण मांडले.

ही गुणांची पद्धत १९८९ मध्ये मोरिट्स आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी मांडली. आजार ‘गरम’ आहे की ‘थंड’, एवढंच ती विचारते. आपोआप दुखणं, नजर हलवताना दुखणं, पापण्यांची लाली, पांढऱ्या भागाची लाली, पापण्यांची सूज, पांढऱ्यावरच्या पडद्याची सूज, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या मांसल गाठीची सूज. प्रत्येकाला एक गुण. पहिल्या भेटीत सातपैकी तीन किंवा जास्त आले तर आजार चालू आहे असं धरतात. पुढच्या भेटींत आणखी तीन गुण जोडले जातात: एक ते तीन महिन्यांत डोळा दोन मिलिमीटर किंवा जास्त पुढे आला, हालचाल आठ अंश किंवा जास्त घटली, किंवा नजर कमी झाली. मग दहापैकी चारपासून चालू समजायचं.

शिक्षिकाबाईंना जूनमध्ये सातपैकी ४. हर्टेल १९ आणि १८. ऑगस्टमध्ये ते चारही तसेच, शिवाय हर्टेल २१ आणि २०, आणि वर बघणं दहा अंशांनी घटलेलं. दहापैकी ६. त्याच वेळी रक्त तपासलं तर टीएसएच १८. म्हणजे थायरॉइड आता उलट बाजूला, मंद पडलेली. सुरुवातीला दिलेली कार्बिमाझोलची मात्रा उन्हाळ्यापासून तशीच चालू होती, शाळेच्या प्रवेशांच्या धांदलीत रक्ताची तपासणी राहून गेली होती. थायरॉइड जास्त असो वा फार कमी, डोळ्याला दोन्ही बाधतं. त्यांच्या थायरॉइडच्या डॉक्टरांनी मात्रा उतरवली, आणि इकडे सप्टेंबरपासून मिथाइलप्रेडनिसोलोनचं सलाइन सुरू झालं: सहा आठवडे दर आठवड्याला ५०० मिलिग्रॅम, पुढचे सहा आठवडे २५०.

आज गुण १. फक्त पापणीची थोडी सूज. दुखणं नाही, लाली नाही. टीएसएच २.८.

आणि तरीही हर्टेल २० आणि १९. बाई आरशाकडे बघून म्हणाल्या, “मॅडम, औषध संपलं. डोळे आत कधी जाणार?”

या खोलीत सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा हा प्रश्न. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि सरळ सांगितलं. सलाइनने आग विझते. पापणी उतरते, दुखणं थांबतं, दोन-दोन दिसणं कमी होतं. पुढे आलेला डोळा मात्र त्याने फारसा मागे जात नाही. २१ चा २० झाला, पण एक मिलिमीटर इकडेतिकडे मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो, म्हणून त्याला सुधारणा म्हणायची नाही. आता तीन महिन्यांनी, पुन्हा तीन महिन्यांनी मोजायचं. सहा महिने आकडे जागेवर राहिले, थायरॉइडही स्थिर राहिली, तर डोळा आत घ्यायच्या ऑपरेशनचं बोलायचं.

“माझा भाऊ न्यू जर्सीला आहे,” बाई म्हणाल्या. “तो म्हणतो तिकडे इंजेक्शन आहे, डोळे आत जातात.”

आहे. टेप्रोटुमुमॅब, अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळालेलं. तीन-तीन आठवड्यांनी आठ वेळा शिरेतून द्यायचं. डोळ्यामागच्या त्या पेशींवरच्या एका ग्राहकाला ते अडवतं. त्याच्या मुख्य चाचणीत २४ आठवड्यांनंतर ८३ टक्के जणांचा डोळा निदान दोन मिलिमीटर मागे गेला, औषध नसलेलं सलाइन मिळालेल्यांत १० टक्क्यांचा. मॅडमनी हे सगळं सांगितलं, आणि दुसरी बाजूही: खर्च फार मोठा, साखर वाढू शकते, काहींना ऐकायला कमी येऊ लागतं, आणि थांबवल्यावर काहींचे डोळे पुन्हा पुढे येतात. आज आजार थंड असताना घाईने ठरवायचं काही नाही.

मला त्या चाचणीतलं एक बरं वाटतं. एवढं महागडं औषध लागू पडलं की नाही, हे त्यांनीही शेवटी हर्टेलच्या दोन मिलिमीटरवरच जोखलं.

सकाळी १०.४५

नवी पेशंट, इंजिनीअरिंगची मुलगी, सोबत आई. डोळे जरा मोठे दिसतात, एवढीच तक्रार. हर्टेल १६ आणि १६, गुण शून्य, पापण्या एक-एक मिलिमीटर वर. थायरॉइड अजून वाढलेली, औषध सुरू होऊन तीन आठवडे. थायरॉइड उतरली की पापण्याही बऱ्याच उतरतील. डोळ्यात टाकायला कृत्रिम अश्रू, सहा महिने सेलेनियमच्या गोळ्या, तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. आईला काळजी लग्नाची होती, ती तिने मुलगी फोटोला गेल्यावर बोलून दाखवली. मी तिला आलेख दाखवला. सौम्य आजार असलेल्या बहुतेकांची रेघ वर चढत नाही.

सकाळी ११.४०

सातारा रस्त्यावर टेम्पो चालवणारे काका, वय ५६. यांना यादीत वेळ नव्हती. सून घेऊन आली होती. म्हणाली, “गाडीचे दिवे पिवळट दिसतात म्हणतात. दोन महिन्यांत दुसरा चष्मा केला, तरी धुरकटच.”

हे ऐकल्यावर मी हर्टेल बाजूला ठेवलं.

नजर नव्या चष्म्यासह उजवी ६/१८, डावी ६/९. ऑक्टोबरमध्ये आमच्याच फाइलीत दोन्ही ६/६ आहेत. पिनहोल लावून पाहिलं, तरी उजवी सुधारली नाही. म्हणजे हा चष्म्याच्या नंबरचा प्रश्नच नव्हता. इशिहाराच्या पाट्या पंधरापैकी उजव्या डोळ्याने चार, डाव्याने अकरा. बाटलीचं लाल झाकण डाव्या डोळ्यासमोर धरलं, मग उजव्या. “हे लाल. हे… विटकरी. धुऊन धुऊन उतरल्यासारखं.” टॉर्च डाव्यावरून उजव्यावर नेला तेव्हा उजवी बाहुली आकुंचायच्या ऐवजी थोडी पसरली. दिवा तोच, पण उजवी नस तो मेंदूपर्यंत कमी पोचवते आहे.

मॅडमना दुसऱ्या पेशंटमधून उठवून आणलं. अशा वेळी उठवायचं, हे आमच्यात ठरलेलं आहे.

काकांकडे बघून कुणालाही वाटणार नाही की दोघांत यांचा आजार जास्त गंभीर. शिक्षिकाबाईंचे डोळे २० वर आहेत, काकांचे जेमतेम १७ आणि १७. खोबणीच्या पुढच्या बाजूचे पडदे कणखर असले तर डोळ्याला पुढे यायला जागा मिळत नाही, आणि सगळा दाब मागे साठतो. खोबणीच्या टोकाला, जिथे सगळे स्नायू एकत्र येतात, त्यांच्या मधोमध दृष्टीची नस आहे. स्नायू सुजले की ती तिथे आवळली जाते. म्हणून डोळा किती पुढे आला एवढ्यावर धोका मोजता येत नाही. हा धोका थायरॉइडच्या डोळ्याच्या शंभरातल्या पाचेक जणांना होतो, आणि पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे पुरुष त्यात जास्त असतात. काका चाळीस वर्षं बिडी ओढतात.

मागे नस पाहिली तर सुजलेली नव्हती. ती न सुजताही दाबलेली असू शकते, म्हणून नस चांगली दिसते यावर आम्ही निश्चिंत होत नाही. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत उजवीकडे खालचा भाग काळवंडलेला आला. तासाभरात सीटी झाला. स्नायू मधल्या भागात फुगलेले, डोळ्याला चिकटणारी टोकं बारीकच, ही या आजाराची खूण. आणि खोबणीच्या टोकाला नसेभोवती चरबीची रेषसुद्धा उरलेली नाही.

मॅडमनी लगेच भरती करून घ्यायला सांगितलं. उद्यापासून तीन दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून, त्याआधी आज साखर, रक्तदाब, यकृताच्या तपासण्या, हेपटायटिस बीची तपासणी. दोन आठवड्यांत नजर आणि रंग नीट परतले नाहीत तर नसेवरचा दाब काढायला हाडाची भिंत उघडायचं ऑपरेशन, आणि अशा वेळी आजार थंड व्हायची वाट बघायची नसते.

सून विचारत होती, चष्म्याच्या दुकानात कळलं कसं नाही. तिथे नंबर काढतात, रंग आणि बाहुल्या पाहतातच असं नाही. मी काकांच्या फाइलीवर, आणि मग बाकीच्या सगळ्या पेशंटना देतो त्या कागदावरही मोठ्या अक्षरात लिहिलं: रंग फिके वाटले, लाल विटकरी वाटला, तर तारखेची वाट न बघता यायचं.

दुपारी १.४५

जेवण. आज पाऊण तास मिळाला.

दुपारी २.३०

वरच्या मजल्यावर सलाइनची खोली. चार खाटा, आज तीन भरलेल्या. माझं काम तिथे थोडंच: सलाइनआधी रंग आणि नजर पाहून नोंद करायची. बाकी सिस्टर बघतात. सुई लावायच्या आधी रक्तदाब आणि साखर, मग सलाइन तासा-दोन तासांत हळूहळू. सगळा कोर्स मिळून साडेचार ग्रॅम. आठ ग्रॅमच्या वर जायचं नाही, यकृताला धोका असतो. दुसऱ्या खाटेवरच्या आजींची साखर २८० आली, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना फोन करून इन्सुलिन ठरवल्यावरच सलाइन लागलं.

आजींचा मुलगा जिन्यात सिगारेट ओढून आला होता, वास येत होता. त्याला बाजूला घेऊन बोलले. या आजारात औषधांखेरीज आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट धूर थांबवणं आहे. धूम्रपान करणाऱ्यांत आजार जास्त वेळा होतो, जास्त चिघळतो, आणि स्टेरॉइडही कमी लागू पडतं. आईंसमोर, घरात, ओढू नका एवढं तरी आजपासून ठरवा, म्हटलं. तो ऐकून घेत होता. खाली गेल्यावर काय करेल ते माहीत नाही, पण पुढच्या आठवड्याच्या सलाइनला मी पुन्हा विचारणार आहे.

दुपारी ४.००

बँकेत काम करणारे एक गृहस्थ. गेल्या तीन भेटींत हर्टेल २२ आणि २२, पट्टी १०२, गुण शून्य, थायरॉइड आठ महिने स्थिर. म्हणजे ऑपरेशनला तयार. त्यांचं म्हणणं, आधी पापण्या खाली आणा, लोक त्याच बघतात. मॅडमनी क्रम समजावला. आधी हाड काढून डोळा आत घ्यायचा. त्यात स्नायूंची जागा बदलते, दोन-दोन दिसणं बदलू शकतं, म्हणून तिरळेपणा नंतर. खालचा ताठ स्नायू सैल केला की खालची पापणीही हलते, म्हणून पापण्या सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केलं तर आधीचं काम पुढचं ऑपरेशन बिघडवतं. जानेवारीची तारीख ठरली. ऑपरेशनच्या आधीच्या दिवशीचं हर्टेल मीच घेणार, म्हणजे नंतर किती आत गेला ते त्याच हाताने मोजता येईल.

सायंकाळी ५.३०

शेवटचा तास आलेखांचा. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर मिलिमीटर. १९४५ मध्ये रंडल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी अशाच मोजण्यांवरून दाखवलं की आजार काही महिने चढतो, मग सपाट होतो, मग थोडा उतरतो, पण बहुधा मूळ जागी येत नाही. चढाव सहा महिन्यांचा असेल किंवा दोन वर्षांचा, धूम्रपान करणाऱ्यांत आणखी लांबतो. एका ठिपक्यावरून आपण चढावावर आहोत की सपाटीवर हे कळत नाही. म्हणून भेट चुकवणाऱ्यांना मी याच वेळी फोन करते. आज चौघांना केले, तिघांनी उचलला.

शिक्षिकाबाईंच्या आलेखावर आजचा ठिपका चढवला. जून १९, ऑगस्ट २१, ऑक्टोबर २१, डिसेंबर २०. गुणांची रेघ त्याच कागदावर हिरव्या शाईने: ४, ६, ३, १. हिरवी खाली आली आणि काळी वरच राहिली. त्यांना पुढच्या वेळी हाच कागद हातात द्यायचं ठरवलं आहे. ‘औषध लागू पडलं, पण डोळे तसेच का’ हे त्यांना दोन रेघांत दिसेल, आणि मार्चमध्ये काळी रेघ सरळ राहिली तर ती त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे, हेही समजावता येईल.

काकांच्या सगळ्या तपासण्या आल्या, हेपटायटिस निगेटिव्ह, साखर थोडी वाढलेली. वॉर्डात जाऊन सिस्टरना सांगितलं की उद्या सकाळी आठला, पहिल्या सलाइनच्या आधी, मी पुन्हा रंगांच्या पाट्या दाखवायला येईन, आणि दुसऱ्या सलाइनच्या आधीही. उजव्या डोळ्याने आज चार. उद्याचा आकडा त्याच पुस्तकावर, तशाच दिव्याखाली घ्यायचा. इशिहाराचं पुस्तक खालून वर आणून वॉर्डातल्या कपाटात ठेवलं.